दुबार बिल आणि खातेबदल : पैसे सोडण्यापूर्वीची पडताळणी (कोल्हापूर फाउंड्री व्यवहार)

पुरवठादाराचे एकच बिल हिशेबात दोनदा चढणे आणि त्याच्या नावाने आलेल्या खोट्या सूचनेवरून बँक खाते बदलले जाणे, हे दोन्ही प्रकार रक्कम बँकेतून बाहेर पडण्याआधी ओळखण्याची ही पद्धत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री, तसेच शिवाजी उद्यमनगरातील मशीनशॉप यांच्या व्यवहारात तिचा विचार येथे केला आहे. पिग आयर्न, भंगार, वाळू, रेझिन, मशीनिंगचे जॉबवर्क आणि ट्रकभाडे अशा नाना तऱ्हेच्या बिलांचा ढीग या ठिकाणी बहुधा एक-दोन अकाउंटंटच्या हातून जातो.

दोन्ही प्रकार वेगळे समजले जातात, पण फसवणूक करणारा ते अनेकदा एकत्र वापरतो. खोटे बिल तयार करण्यापेक्षा खरेच बिल पुन्हा पाठवून त्यातील फक्त बँकेची ओळ बदलणे त्याला सोपे जाते. म्हणून बिल खरे आहे का आणि खाते खरे आहे का, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावे लागतात.

बिल दोनदा चढण्याचे मूळ कागदाच्या प्रवासात आहे. जीएसटी नियमांनुसार मालाचे बिल तीन प्रतींत निघते : मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पुरवठादाराची. ट्रकबरोबर पहिल्या दोन येतात आणि गेटवर इनवर्डचा शिक्का पडतो. त्याच बिलाची पीडीएफ अकाउंट्सच्या ई-मेलवर येते आणि फोटो खरेदी पाहणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर. महिनाअखेरीस पार्टी खातेउतारा पाठवते, त्यालाही बिले जोडलेली असतात. एका बिलाची चार रूपे दोन-तीन माणसांच्या हाती पडतात आणि प्रत्येक जण ते आपापल्या पद्धतीने चढवतो.

बिल क्रमांकाचा नियम येथे उपयोगी पडतो. हा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो आणि एका आर्थिक वर्षात एका जीएसटी नोंदणीखाली पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक हा संच एकमेव ठरतो. पार्टीच्या नावावर मात्र विसंबू नये. लेजरमध्ये एकच व्यापारी ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग कंपनी’ अशा दोन नावांनी उघडलेला सर्रास सापडतो आणि नावानुसार शोध घेतला तर दुबार बिल दिसतच नाही.

एक कल्पित व्यवहार तपशिलाने पाहू. होस्पेटच्या व्यापाऱ्याकडून शिरोलीतील फाउंड्रीत ६ फेब्रुवारी २०२६ च्या बिलाने १० टन पिग आयर्न आले. बिल क्रमांक HP/25-26/0318, दर टनाला ४२,००० रुपये. माल ४,२०,००० रुपयांचा, १८ टक्के आयजीएसटी ७५,६००, एकूण ४,९५,६०० रुपये. काट्यावर वजन ९.९८० टन भरले. स्टोअरने तेवढ्याचीच माल-स्वीकार नोंद (जीआरएन) केली आणि अकाउंटंटने वीस किलोची तूट वळती करून बिल ४,९४,६०८.८० रुपयांना चढवले. (तूट अशी थेट कापण्यापेक्षा बिल पूर्ण चढवून वेगळी डेबिट नोट काढणे केव्हाही बरे, येथे घेतली आहे ती रूढ पद्धत.) २ मार्चला पैसे गेले. १८ मार्चला त्याच व्यापाऱ्याच्या ई-मेलवरून पीडीएफ आली : बिल बाकी आहे, आमचे कर्जखाते दुसऱ्या बँकेत गेल्याने पेमेंट खालील नव्या खात्यावर करावे. दुसऱ्या कर्मचाऱ्याने ते बिल नुसते ‘318’ या क्रमांकाने पूर्ण ४,९५,६०० रुपयांना चढवले.

आता क्रमांक जुळत नाही आणि रक्कमही जुळत नाही. केवळ तंतोतंत जुळणी शोधणारी तपासणी येथे फसते. म्हणून दोन चाळण्या लावाव्यात. खरेदी नोंदवही एक्सेलमध्ये घेऊन A मध्ये जीएसटी क्रमांक, B मध्ये बिल क्रमांक, C मध्ये बिलाची तारीख, D मध्ये एकूण रक्कम ठेवावी. यादी एकाच आर्थिक वर्षाची असावी. पहिली चाळणी क्रमांकातील तिरप्या रेघा, आडव्या रेघा आणि मोकळ्या जागा काढून E मध्ये चावी तयार करते :

```
=A2&"|"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(B2),"/",""),"-","")," ","")
```

या चावीवर `=COUNTIF(E:E,E2)` लावल्यावर उत्तर १ पेक्षा जास्त आले की बिल थांबवावे. ‘HP-25-26-0318’ आणि ‘hp/25-26/0318’ हे एकच आहेत हे यातून कळते, पण ‘318’ निसटतो. त्याच्यासाठी दुसरी चाळणी आहे. तोच जीएसटी क्रमांक, तारखेत सात दिवसांपर्यंतचा आणि रकमेत एक टक्क्यापर्यंतचा फरक :

```
=COUNTIFS(A:A,A2,C:C,">="&C2-7,C:C,"<="&C2+7,D:D,">="&D2*0.99,D:D,"<="&D2*1.01)
```

वरच्या उदाहरणात फरक ९९१.२० रुपये, म्हणजे सुमारे ०.२ टक्के आहे, त्यामुळे दोन्ही नोंदी एकत्र उघड्या पडतात. मात्र C मध्ये बिलावरची तारीख हवी. नोंद केल्याची तारीख टाकली तर फेब्रुवारीचे बिल मार्चमध्ये जाऊन बसते आणि चाळणी निकामी होते.

जॉबवर्कच्या बिलांवर ही दुसरी चाळणी बरेच खोटे इशारे देते, कारण दर आठवड्याला तितकेच नग, तोच दर, तीच रक्कम असते. तेथे निकाल चलन क्रमांकावर लागतो. दोन बिलांवर वेगवेगळी चलने असतील आणि दोन्हींचा माल परत आल्याची नोंद असेल तर बिले वेगळी. चलन एकच असेल तर बिल दुबार. मालाच्या बिलाला हाच न्याय जीआरएनने लावावा : एका जीआरएनवर एकच बिल, आणि बिल चढले की तो जीआरएन बंद. १८ मार्चच्या पीडीएफला जोडायला मोकळा जीआरएन नव्हता, हीच पहिली खूण होती. घोटाळा होतो तो घाईत दुसऱ्याच ट्रकचा जीआरएन त्या बिलाला चिकटवल्यामुळे. ट्रकभाडे, दुरुस्ती आणि मजुरीच्या बिलांना जीआरएन नसतोच, म्हणून तेथे लॉरी पावती किंवा कामाचा आदेश क्रमांक सक्तीने लिहून घ्यावा.

जीएसटी पोर्टलवरील जीएसटीआर-२बी विवरणपत्र हा तिसरा साक्षीदार आहे. ते पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि पुरवठादाराने दाखवलेले प्रत्येक बिल त्यात एकदाच येते. वहीत दोन नोंदी आणि २बीमध्ये एक, म्हणजे दुसरी जादा. फेब्रुवारीचे बिल असल्याने १८ मार्चला ही पडताळणी हाताशी होती. बिल मार्चचे असते तर २बी १४ एप्रिलला आले असते आणि पैसे तोवर गेले असते. मोठ्या पुरवठादाराच्या ई-इन्व्हॉइसवर आयआरएन हा ६४ अक्षरांचा क्रमांक असतो. तो जीएसटी क्रमांक, वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून बनत असल्याने त्याच बिलाचा आयआरएन बदलू शकत नाही. पण ई-इन्व्हॉइसची सक्ती ५ कोटी रुपयांवरील उलाढालीला आहे (१ ऑगस्ट २०२३ पासून), आणि उद्यमनगरातले अनेक जॉबवर्कर त्या मर्यादेखाली राहतात.

येथे एक गैरसमज महागात पडतो. ई-इन्व्हॉइसवरचा क्यूआर स्कॅन झाला, बिल खरे निघाले, म्हणून बिलावरचे खातेही खरे, असे धरले जाते. त्या डिजिटल स्वाक्षरी असलेल्या क्यूआरमध्ये दोघांचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, मुख्य मालाचा एचएसएन कोड आणि आयआरएन असतो. बँक खाते नसते. पीडीएफच्या तळाची बँकेची ओळ बदलली तरी क्यूआर तसाच खरा ठरतो. म्हणून पेमेंट काढताना खाते क्रमांक बिलावरून कधीच घेऊ नये, तो पार्टीच्या मास्टर नोंदीतूनच घ्यावा. बिलावरची ओळ मास्टरशी जुळली नाही तर मास्टर बदलण्याऐवजी पेमेंट थांबवावे.

खाते बदलण्याची मागणी मुळात संशयास्पद नसते. सहकारी बँकेतून दुसऱ्या बँकेत कर्ज नेणारे व्यापारी असतात आणि त्यांचे खाते खरोखर बदलते. संशय कशावरून घ्यायचा ते ठाऊक हवे : बदलाची सूचना आणि पैशांची घाई एकाच मेलमध्ये, नव्या खात्याची शाखा पार्टीच्या गावापासून दूरच्या राज्यात, फोनऐवजी फक्त मेलवर बोलण्याचा आग्रह, पत्ता .co.in ऐवजी .com चा. पण पत्ता बरोबर असणे हा पुरावा नाही. पार्टीचाच मेलबॉक्स फोडला असेल तर मेल खऱ्या पत्त्यावरूनच येतो आणि उत्तरही चोरच देतो. रद्द केलेल्या चेकचा फोटोही संपादित करता येतो.

खात्रीचा मार्ग जुना आहे : फोन करणे. मात्र नंबर त्या मेलमधला किंवा नव्या बिलावरचा नसावा. मास्टरमध्ये किंवा जुन्या खरेदी आदेशावर असलेल्या नंबरवर मालकाशी किंवा नेहमीच्या माणसाशी बोलावे आणि नव्या खात्याचे शेवटचे चार आकडे त्यालाच सांगायला लावावे. आपण वाचून ‘बरोबर का?’ असे विचारू नये. पार्टी उद्यमनगरातली असेल तर माणूस पाठवून सही-शिक्क्याचे पत्र आणावे, अर्ध्या तासाचे काम आहे. फोन कोणी, कोणत्या नंबरवर, कधी केला हे मास्टरमध्ये लिहावे आणि मास्टर बदलणारा व पेमेंट सोडणारा ही माणसे वेगळी ठेवावीत. एकच अकाउंटंट असेल तर खातेबदलाची मंजुरी मालकाने स्वतः द्यावी आणि बँकेचा ओटीपी अकाउंटंटला सांगू नये.

बँक हे काम आपोआप करत नाही. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नाव जुळणे हा जमा होण्याचा आधार नसतो. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने लाभार्थ्याचे नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास बँकांना सांगितले. ती वापरावीच. नाव वेगळे आले तर तेथेच थांबावे. पण नाव जुळले म्हणून फोन टाळू नये, कारण मिळत्याजुळत्या नावाचे चालू खाते उघडणेही शक्य असते. एक रुपया पाठवून पाहिल्याने खाते चालू असल्याचे कळते, खातेदार आपलीच पार्टी असल्याचे नाही.

शेवटचा धोका पेमेंटच्या फाइलमध्ये आहे. शंभर पार्ट्यांची एकत्रित फाइल एक्सेलमध्ये उघडली की ती बँकेत चढेपर्यंत कोणीही बदलू शकतो. एकूण रक्कम जुळली म्हणजे फाइल शाबूत, असे नाही; खाते क्रमांक बदलून एकूण तेच राहते. म्हणून मंजुरी देणाऱ्याने बँकेच्या पडद्यावर मोठ्या रकमांचे खाते क्रमांक मास्टरशी ताडून पाहावेत. शिवाय एक्सेल १५ आकड्यांपुढचे आकडे शून्य करते आणि सुरुवातीची शून्ये गिळते, त्यामुळे खाते क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

मार्चअखेर या सगळ्याची कसोटी लागते. आयकर कायद्यातील तरतुदीमुळे सूक्ष्म व लघु जॉबवर्करची देणी मुदतीत (लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवस, नसल्यास १५) द्यावी लागतात, आणि त्याच आठवड्यात खातेबदलाच्या मेलही येतात. खातेबदल झालेल्या पार्टीचे पेमेंट या घाईतून बाजूला काढून फोन होईपर्यंत रोखावे; पार्टी खरी असेल तर ती स्वतःच फोन करते.

चुकीच्या खात्यावर पैसे गेलेच, तर आरटीजीएस परत फिरवता येत नाही. आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब कळवून, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचे खाते जवळ ठेवावे. समोरच्या खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंतच ती गोठवता येते, आणि ती सहसा काही तासांतच पुढच्या खात्यांत विभागली जाते.