टाकीतल्या पाण्यात बोअर किती?

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोसायटीतून घेतलेल्या तीन नमुन्यांचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. एक महापालिकेच्या नळाचा, एक बोअरचा आणि एक जमिनीखालच्या टाकीचा, जिथे ही दोन्ही पाणी एकत्र होऊन वर गच्चीवर चढतात. रिपोर्ट हातात पडायच्या आधीच सचिवसाहेबांचा फोन आला होता, "टीडीएस सहाशेच्या वर आहे म्हणे, मग हे पाणी प्यायचं की नाही?" हो किंवा नाही म्हणून सुटण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं एकूण वजन. तुमच्यापैकी काहींकडे खिशात मावणारं मीटर आहे. ते क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून अंदाजाने आकडा दाखवतं. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. चुना असो, मीठ असो की नायट्रेट, मीटरसाठी सगळे सारखेच. टाकीचा टीडीएस लिटरमागे 625 मिलिग्रॅम निघाला. भारतीय मानकानुसार 500 पर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतो. म्हणजे नुसत्या टीडीएसवरून घाबरण्यासारखं काही नाही, आणि निर्धास्त होण्यासारखंही नाही.

कठीणपणा म्हणजे या क्षारांपैकी फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा वाटा. त्याची चाचणी साधी आहे. पंचवीस मिली नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून पातळ करायचं, पाणी अल्कधर्मी ठेवणारा बफर टाकायचा, इरिओक्रोम ब्लॅक टी या रंगद्रव्याची चिमूटभर पूड टाकायची. पाणी द्राक्षारसासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं, आणि धरायला काही उरलं नाही की लाल रंग जाऊन स्वच्छ निळा येतो. शेवटच्या दोन-तीन थेंबांत जांभळी छटा रेंगाळते, तिथे घाई केली की आकडा चुकतो. नळाच्या पाण्याला साडेतीन मिली लागले, टाकीच्या 10.7 आणि बोअरच्या 15.5. या मापात प्रत्येक मिलीला 40 ने गुणायचं, म्हणजे कठीणपणा अनुक्रमे 140, 428 आणि 620. मानक 200 म्हणतं, नाइलाजाने 600. तुमची बोअर ती नाइलाजाची हद्दही ओलांडते.

आता या आकड्यांचा खरा उपयोग. कमिटीचं म्हणणं होतं की बोअरचं पाणी "थोडंसंच" मिसळतात. नळापासून बोअरपर्यंत कठीणपणात 480 चा फरक आहे. टाकी नळापेक्षा 288 ने वर आहे. 288 म्हणजे 480 चे साठ टक्के. टीडीएसने ताळा करून पाहू: नळ 210, बोअर 890, टाकी 625, तिथून एकसष्ट टक्के येतात. दोन वेगळ्या चाचण्या एकच गोष्ट सांगतात. नमुना घेतला त्या दिवशी टाकीत निम्म्याहून जास्त पाणी बोअरचं होतं. पंपाचं बटण कोणाच्या हातात आहे, ते तुम्हीच बघा.

बोअरचं पाणी इतकं कठीण का, त्याचं कारण पायाखाली आहे. सीताबर्डी आणि सेमिनरी हिल्सच्या टेकड्या ज्या काळ्या बेसॉल्टच्या आहेत, तोच दगड नागपूरच्या पश्चिम भागाखाली पसरलेला आहे. पावसाचं पाणी मातीतून खाली मुरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आम्लधर्मी होतं आणि दगडाच्या भेगांतून सावकाश जाताना त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत नेतं. महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानचं, म्हणजे नदी आणि धरणाचं. त्याचा दगडाशी एवढा सहवास नसतो.

कठीण पाण्याने बहुतेकांच्या तब्येतीला अपाय होत नाही. त्रास होतो तो घरातल्या कामांना. गिझरच्या कॉइलवर जे पांढरं कवच बसतं त्याचा तुकडा घेऊन त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील: तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, पाणी तापल्यावर खाली बसलेला. साबणाला फेस येत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रारही खरी आहे. कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून तुरीची डाळ तीन शिट्ट्यांनीही हटवादीपणा सोडत नाही. वरणापुरतं नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा.

सॉफ्टनर बसवायचा विचार चालला आहे असं कळलं. अंघोळ, धुणं आणि गिझरसाठी तो उत्तम. पण तो क्षार काढत नाही, बदलतो: कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि सोडियम सोडतो. दर 100 मिलिग्रॅम कठीणपणामागे साधारण 46 मिलिग्रॅम सोडियम. टाकीच्या पाण्यात जवळपास 200 मिलिग्रॅमची भर पडेल, तेव्हा रक्तदाबामुळे मीठ कमी खाणाऱ्यांनी ते पाणी पिऊ नये. आणि सॉफ्टनर लागल्यावर मीटरचा आकडा उतरणार नाही, उलट किंचित चढेल. त्यावरून कंपनीवाल्याशी भांडू नका, मशीन बरोबर चालत असेल.

रिपोर्टमधल्या ज्या ओळीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही ती मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. बोअरमध्ये नायट्रेट 62 आहे. मर्यादा 45, आणि इथे नाइलाजाची सवलत नाही. टाकीत मिसळून ते 39 होतं, म्हणून सध्या मर्यादेत बसतं. ज्या दिवशी नळ येत नाही आणि नुसत्या बोअरवर भागवता, त्या दिवशी बसत नाही. सहा महिन्यांखालच्या, बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद याने कमी होऊ शकते. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतं. आरओने बरंचसं निघतं. ज्या घरात तान्हं बाळ आहे, तिथे बोअरचं पाणी दुधात वापरू नका.

बोअरमध्ये क्लोराइडही 180 निघालं. मर्यादेत आहे, पण बेसॉल्टमध्ये क्लोराइड फारसं नसतं. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही एकत्र वाढलेले दिसले की मला शंका येते ती सांडपाण्याची: जुना सेप्टिक टँक, फुटलेली ड्रेनेज लाइन, असं काहीतरी जवळपास झिरपत असावं. हा पुरावा नाही, म्हणून पुढची चाचणी जंतूंची करू.

त्यासाठी बाटली आमच्याकडूनच न्या, ती निर्जंतुक असते. आधी विसळू नका, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बोअरचा पंप दहा मिनिटं चालू ठेवून, टाकीतून नव्हे तर पंपाच्या तोंडाशी असलेल्या तोटीतून भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी, शक्यतो सकाळीच, लॅबमध्ये पोहोचवा. सोबत बोअरपासून ड्रेनेजचे चेंबर किती फुटांवर आहेत, ते एका कागदावर लिहून पाठवा.

आपला,
लॅब टेक्निशियन, पाणी तपासणी विभाग