पेन्शन ऑफिसला जन्मतारीख दुरुस्तीचं पत्र: अर्ज परत का येतो आणि नेमकं काय लिहायचं

गिरणी, कारखाना, साखर कारखाना, छोट्या कंपन्या इथून रिटायर झालेली माणसं पीएफच्या पेन्शनला अर्ज करतात आणि तिथे कळतं की रेकॉर्डवर जन्मतारीख चुकीची आहे. मग कुणीतरी सांगतं की एक साधं पत्र द्या, सोबत आधारची झेरॉक्स आणि नोटरीचं अफिडेविट लावा, होऊन जाईल. होत नाही. गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या लोकांचे हे अर्ज लिहून देतोय आणि परत आलेल्या दहातले आठ अर्ज याच दोन कागदांवर अडकलेले असतात, म्हणून सविस्तर लिहितोय. हे सगळं ईपीएस 95 म्हणजे पीएफवाल्या पेन्शनबद्दल आहे, सरकारी नोकरीच्या पेन्शनचे नियम वेगळे.

एका मावशींची केस घेऊन सांगतो, म्हणजे समजायला सोपं जाईल. त्या 1998 ला सूतगिरणीत लागल्या. क्लार्कने विचारलं वय किती, त्या म्हणाल्या असेल अठ्ठावीस, त्याने 1998 मधून 28 वजा केले आणि फॉर्मवर 1 जानेवारी 1970 टाकलं. खरं तर त्या चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या आणि शाळेच्या रजिस्टरला 1 जून 1966 अशी नोंद. (1 जून ही आपल्याकडे अर्ध्या गावाची जन्मतारीख असते, गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली, पण कागदावर आहे ना, मग ती चालते.) म्हणजे फरक 3 वर्षं 7 महिने. पुढे आधार काढताना शाळेचाच दाखला दाखवला म्हणून आधारवर बरोबर 1966 आलं, पीएफला मात्र 1970 राहिलं. 2022 ला गिरणी बंद पडली आणि तोपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आता याने नुकसान किती होतं बघा. पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते. मावशींना खरं तर जून 2024 पासून मिळायला हवी, पण रेकॉर्डप्रमाणे जानेवारी 2028 पासून. मधले 43 महिने. त्यांची सर्व्हिस 24 वर्षं, 20 च्या वर झाली म्हणून 2 वर्षं जादा धरतात, म्हणजे 26. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार 9,000. तर 9,000 गुणिले 26 भागिले 70, म्हणजे महिन्याला साधारण 3,343 रुपये. 43 महिन्यांचे झाले 1 लाख 43 हजारांच्या वर. आणि गरज आहे म्हणून चुकीच्या तारखेवरच आधी पेन्शन घेतली तर 58 ला जितकी वर्षं कमी दिसतात तेवढ्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात, तीही आयुष्यभरासाठी. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं आहे की तारीख दुरुस्त होईपर्यंत पेन्शनचा 10डी फॉर्म भरू नका, कोणी कितीही म्हटलं की आत्ता सुरू करा नंतर बघू. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश निघाल्यावर दुरुस्ती फार जड जाते. दुरुस्तीला उशीर झाला तरी पेन्शन 58 पूर्ण झाल्यापासूनच धरतात, मागची थकबाकी मिळते.

आता मुख्य अडचण, पुरावा. 2020 साली ऑनलाइन सुधारणेसाठी आधार चालत होतं, पण तेव्हासुद्धा फरक 3 वर्षांच्या आत असला तरच. आणि 16 जानेवारी 2024 च्या सर्क्युलरने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढूनच टाकलं. आधार लागतं, ओळख पटवायला लागतं, तारीख जुळायला लागते, पण तारखेचा पुरावा म्हणून ते एकटं धरत नाहीत. लोकांना हे पटत नाही, सरकारनेच दिलेलं कार्ड सरकारच का मानत नाही म्हणून चिडतात, आणि चिडणं चुकीचं नाही, पण नियम तसा आहे.

चालतं काय? जन्म-मृत्यू निबंधकांचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बोर्डाची मार्कशीट किंवा सर्टिफिकेट, पॅन, डोमिसाइल, सरकारी नोकरी असेल तर तिथलं सर्व्हिस रेकॉर्ड. यातलं काहीच नसेल तरच सिव्हिल सर्जनचा वयाचा दाखला आणि त्याच्या जोडीला कोर्टातलं प्रतिज्ञापत्र. म्हणजे अफिडेविट हे मेडिकल दाखल्याला जोड म्हणून आहे, एकटं लावलं तर त्याची किंमत शून्य. लोक पैसे घालवून नुसतं अफिडेविट करून आणतात ते बघून वाईट वाटतं.

यादीत पॅन आहे म्हणून फक्त पॅन लावून मोकळे होऊ नका. फरक 3 वर्षांपेक्षा जास्त असला की ती मोठी दुरुस्ती धरतात आणि जास्त कागद, जास्त वरची सही लागते. अशा वेळी बघणारा माणूस एकच गोष्ट शोधतो असा माझा अनुभव, की नोकरी लागायच्या आधीचा कागद कुठला आहे. पॅन नंतरचं, आधार नंतरचं, ते तुम्ही सांगाल त्या तारखेचं निघू शकलं असतं असं त्याच्या मनात येतं. शाळेचा दाखला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या रजिस्टरवरून निघतो, त्याला कोणी सहसा हात लावत नाही. दाखला हरवला असेल तर शाळेत जाऊन दुसरी प्रत आणि जमल्यास जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, त्यावर रजिस्टर नंबर नीट आलाय का बघा. शाळेतच गेलेलं नसेल तर गावच्या जुन्या जन्मनोंदी, कोतवाल बुक, तहसीलला शोधायला लावा, फक्त त्यात बऱ्याचदा बाळाचं नाव नसतं, अमक्याला मुलगी झाली एवढंच असतं, त्यावर एकट्यावर भागत नाही.

आणखी एक कागद आहे जो कोणी मागवत नाही. नोकरी लागताना तुम्ही भरलेला जुना फॉर्म 2 किंवा कंपनीने पाठवलेला फॉर्म 9. कधीकधी त्यावर तारीख बरोबर असते आणि कॉम्प्युटरवर चढवताना चुकलेली असते, मग ती चूक तुमची राहतच नाही. माहिती अधिकारात 10 रुपये भरून त्याची प्रत मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मावशींच्या फॉर्मवर मात्र 1970 च होतं, पण निदान चूक कुठून आली हे पत्रात ठामपणे लिहिता आलं.

बायकांच्या बाबतीत वेगळाच गुंता. दाखल्यावर माहेरचं नाव, पीएफला सासरचं, मग ही तीच बाई कशावरून? मावशींचा दुसरा अर्ज यावरच परत आला. लग्नाची नोंद त्या काळी कोणी करत नव्हतं. शेवटी महाराष्ट्र राजपत्रात नावबदल छापून घेतला, त्यात जुनं आणि नवं नाव दोन्ही येतं, तो कागद लावल्यावर हा प्रश्न परत आला नाही. मॅरेज सर्टिफिकेट असेल तर तेही चालतं. हा कागद आधीच जोडा, विचारायची वाट बघू नका.

तुमच्या आधारवरच तारीख चुकीची असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग पीएफ. पण आधारला जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि पीएफच्या रेकॉर्डलाही एकदाच. त्यामुळे घाईत अंदाजाची तारीख टाकून ती संधी वाया घालवू नका, जी तारीख दाखल्यावर आहे तीच सगळीकडे.

अर्जाचा रस्ता: कंपनी चालू असेल तर पोर्टलवर Manage मध्ये Joint Declaration, म्हणजे तुम्ही आणि कंपनी दोघांच्या नावाने जाणारा दुरुस्तीचा अर्ज, भरायचं आणि यूएएन ऑक्टोबर 2017 च्या आधीचा असेल तर कंपनीने मान्यता द्यायची. कंपनी बंद असेल तर कागदी जॉइंट डिक्लरेशन, त्यावर मालकाच्या सहीऐवजी राजपत्रित अधिकारी, नोटरी, पोस्टमास्तर किंवा सरपंच यांपैकी कोणाची सही. बंद गिरणीच्या मॅनेजरला शोधत फिरू नका, मावशी चार महिने फिरल्या. या फॉर्मसोबत पत्र. ते असं लिहिलं होतं:

"प्रति, मा. सहायक भविष्य निर्वाह निधी आयुक्त (पेन्शन विभाग).

विषय: सदस्य नोंदीतील चुकीची जन्मतारीख दुरुस्त करणेबाबत.

यूएएन ........ , पीएफ खाते क्र. ........ , आस्थापना ........ (2022 पासून बंद).

महोदय, आपल्या नोंदीत माझी जन्मतारीख 01/01/1970 अशी आहे. माझी खरी जन्मतारीख 01/06/1966 आहे. 1998 मध्ये नोकरीस लागताना फॉर्मवर जन्मतारीख दाखल्यावरून न लिहिता अंदाजे वयावरून लिहिली गेली, त्यामुळे ही चूक झाली. माझ्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये (रजि. क्र. ....) नोकरीपूर्वीची नोंद आहे. विवाहापूर्वी माझे नाव ........ होते, त्याबाबतचे राजपत्र जोडले आहे. आस्थापना बंद असल्याने जॉइंट डिक्लरेशन ........ यांच्याकडून साक्षांकित केले आहे. मी अद्याप फॉर्म 10डी भरलेला नाही. तरी नोंद दुरुस्त करून लेखी कळवावे. अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास कोणत्या कागदाअभावी ते लेखी कळवावे.

सोबत: 1) जॉइंट डिक्लरेशन 2) शाळा सोडल्याचा दाखला व रजिस्टर उतारा 3) राजपत्र 4) पॅन व आधार 5) जुन्या फॉर्मची प्रत."

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. पहिली, "जन्मतारीख बदलावी" असा शब्द नाही, "चूक दुरुस्त करावी" असं आहे, कारण बदल म्हटलं की समोरच्याला वाटतं हा माणूस आता फायद्यासाठी सांगतोय. दुसरी, चूक कशी झाली याचं एक वाक्य. लोक गरिबी, आजारपण, मुलांचं शिक्षण असं दोन पानं लिहितात आणि हेच एक वाक्य राहून जातं. तिसरी, नकाराचं कारण लेखी मागितलंय, म्हणजे खिडकीवर नुसतं "पेपर कमी आहेत" असं तोंडी सांगून परत पाठवणं अवघड होतं. आणि हो, चूक झाली ती क्लार्कने मुद्दाम केली वगैरे आरोप लिहू नका, त्याने काम पुढे सरकत नाही.

अर्ज द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवा. मूळ दाखला दाखवा पण सोडून येऊ नका. दीड-दोन महिने काहीच हालचाल नसेल तर epfigms.gov.in वर तक्रार टाका आणि तिथे पोचची तारीख लिहा. दर महिन्याच्या 27 तारखेच्या आसपास "निधी आपके निकट" शिबिर जिल्ह्यात असतं, वयस्कर माणसांना लांबच्या ऑफिसला नेण्यापेक्षा तिथे नेलेलं बरं, समोरासमोर कागद दाखवता येतात.

दुरुस्ती झाली असं तोंडी सांगितलं तरी पोर्टलवर प्रोफाइल उघडून तारीख स्वतः बघा, त्याचा प्रिंट काढा आणि मगच 10डी भरा. मावशींची नोंद तिसऱ्या अर्जाला दुरुस्त झाली, 10डी त्यानंतर गेला, आणि पेन्शन जून 2024 पासूनच्या थकबाकीसह जमा झाली.