गाईडचा होकार म्हणजे प्रवेश नव्हे

“गाईडनं हो म्हटलं की पीएचडीचा प्रवेश पक्का. पेट ही प्रवेश परीक्षा नुसती औपचारिकता.”

होकार लागतोच, पण प्रवेश ठरतो दोन गोष्टींवर: जागा आणि गुण.

यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमावलीनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगीकडे 6, सहाय्यककडे 4 संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षंही उरली नसतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. समजा, वाळव्याच्या क्षारपड जमिनीवर काम करायचंय आणि सांगलीतल्या सहयोगी प्राध्यापकांकडे सहा जण नोंदलेले आहेत. मग त्यांनी मनापासून हो म्हटलं तरी जागा शून्यच. म्हणून विद्यापीठाची रिक्त जागांची यादी बघा. तिथं नाव नसेल तर सरळ विचारा, “सर, सध्या किती जण नोंदलेत? निवृत्ती कधी?” यात संकोच नको.

आता गुण. पेटमध्ये साधारण 50 टक्के मिळाले की मुलाखतीला बोलावतात. राखीव गटांना 5 टक्के सूट. निवडीत पेटचं वजन 70, मुलाखतीचं 30. पेटला 56 आणि मुलाखतीत 80 म्हणजे 39.2 अधिक 24, एकूण 63.2. पेटला 70 आणि मुलाखतीत 60 मिळवणारा 67 वर जातो. संशोधनाचा आराखडा मुलाखतीत कितीही रंगला, तरी पेटमधली तूट सहज भरून निघत नाही.