मासिक गुणवत्ता आढाव्यातील पॅरेटो आलेख कसा वाचावा
(आमच्या फौंड्रीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दर महिन्याच्या आढाव्यात आम्ही आपणांस नाकारलेल्या कास्टिंगचा पॅरेटो आलेख दाखवतो. इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांचे नाव या आलेखाला जोसेफ जुरान यांच्यामुळे मिळाले; बहुतेक दोष मोजक्याच कारणांतून येतात, हे त्यांनी गुणवत्तेच्या क्षेत्रात मांडले. मात्र ८०:२० हे प्रमाण नियम म्हणून धरू नये.

समजण्यासाठी एक काल्पनिक महिना घेऊ. २०० कास्टिंग नाकारली गेली. त्यांत ब्लो होल ९२, वाळूचे कण ५४, श्रिंकेज २४, मिसमॅच १४, कोल्ड शट ८ आणि इतर ८. स्तंभ उतरत्या क्रमाने उभे असतात, 'इतर' मात्र नेहमी शेवटी असतो. वरून जाणारी रेषा एकत्रित टक्केवारी दाखवते : पहिल्या स्तंभावर ४६, दुसऱ्यावर ७३, तिसऱ्यावर ८५. डाव्या अक्षावरील २०० आणि उजव्या अक्षावरील १०० टक्के एकाच उंचीवर आहेत ना, हे आधी पाहावे. तसे नसेल तर रेषा आणि स्तंभ यांचा मेळ बसत नाही. 'इतर'चा स्तंभ फुगलेला दिसला, तर तपासणीच्या वेळी दोषांची नोंद नीट झालेली नाही असे खुशाल समजावे आणि आम्हांस जाब विचारावा.

'ब्लो होल' हे दोषाचे नाव आहे, कारण नव्हे. म्हणून त्या ९२ नगांची आम्ही पुन्हा विभागणी करतो. समजा, त्यांतील ६१ नग कोअर असलेल्या एकाच भागाचे निघाले, तर सगळ्या वाळूतील ओलावा तपासत बसण्याऐवजी त्या कोअरमधला वायू बाहेर पडण्याची वाट आणि कोअर पुरेसा भाजला गेला आहे का, हे आधी पाहिले जाते.

संख्येचा आलेख एका बाबतीत फसवा ठरू शकतो. ब्लो होल शॉट ब्लास्टिंगनंतर आमच्याच अंगणात पकडले गेले, तर धातू पुन्हा भट्टीत जातो आणि नुकसान नगामागे, समजा, १५० रुपयांवर थांबते. परंतु आतले श्रिंकेज आपल्याकडे मशीनिंग करताना उघडे पडते, तेव्हा तेच नुकसान ६०० रुपयांवर जाते. या हिशेबाने ९२ ब्लो होलचे १३,८०० रुपये होतात, तर अवघ्या २४ श्रिंकेजचे १४,४००. संख्येत तिसरा असलेला दोष रुपयांत पहिला येतो. त्यामुळे आमच्या स्लाइडवर दोन आलेख शेजारीशेजारी असतात, आणि काम कोठून सुरू करायचे हे आम्ही रुपयांच्या आलेखावरून ठरवतो.

यासाठी मशीनिंगमध्ये नाकारलेल्या नगांची नोंद हीट क्रमांकासह आढाव्यापूर्वी पाठवावी, ही विनंती. ती न आल्यास श्रिंकेजचा स्तंभ प्रत्यक्षापेक्षा बुटका दिसतो.