खातेअंतर्गत चौकशीत आरोपित कामगाराचा उलटतपासाचा व कागदपत्रे पाहण्याचा हक्क

कामगारावर गैरवर्तनाचा आरोप ठेवल्यानंतर मालकाने नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्यापुढे जी सुनावणी होते तिला खातेअंतर्गत चौकशी म्हणतात. कारखान्यांत तिला सरसकट ‘डोमेस्टिक इन्क्वायरी’ म्हटले जाते. आरोप ज्यांच्या सांगण्यावर उभा आहे त्या साक्षीदारांना आरोपित कामगार या चौकशीत समोरासमोर प्रश्न विचारू शकतो, म्हणजे त्यांचा उलटतपास घेऊ शकतो, आणि ज्या कागदांच्या आधारे त्याला दोषी ठरवायचे आहे ते कागद आधी पाहू शकतो. हे दोन हक्क वेगवेगळे सांगितले जात असले तरी प्रत्यक्ष चौकशीत ते एकमेकांवर अवलंबून असतात. कागद हाती नसताना केलेला उलटतपास बहुतेक वेळा ‘तुम्ही खोटे बोलता’, ‘नाही, खरे बोलतो’ यापलीकडे जात नाही.

चौकशी अधिकारी हा न्यायाधीश नसतो आणि पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम त्याला लागू नसतात. म्हणून हा हक्क पुराव्याच्या कायद्यातून येत नाही. तो नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांतून, म्हणजे बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणाला दोषी ठरवू नये या नियमातून, आणि स्थायी आदेशांतून, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या लेखी नियमांतून येतो. महाराष्ट्रातील कामगारांसाठीच्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये कलम २५ खाली चौकशीची रीत दिली आहे. कामगाराला स्पष्ट आरोपपत्र मिळाले पाहिजे. त्याला स्वतः, त्याच विभागातील सहकाऱ्यामार्फत किंवा तो ज्या युनियनचा सभासद आहे तिच्या पदाधिकाऱ्यामार्फत बचाव करता आला पाहिजे. ज्यांच्या साक्षीवर आरोप अवलंबून आहे त्यांचा उलटतपासही त्याला घेता आला पाहिजे. चौकशी अधिकाऱ्याला हा उलटतपास नाकारायचा असेल तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. कागदपत्रांचा हक्क मात्र मुख्यतः न्यायनिर्णयांतून घडत गेला. स्थायी आदेशांचा १९४६ चा केंद्रीय कायदा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तरी नैसर्गिक न्यायाचा पाया कोणत्याही एका कायद्यावर उभा नसल्यामुळे जुने निकाल निरुपयोगी झालेले नाहीत.

या विषयावरचे पायाभूत निकाल चहामळे आणि कापड गिरण्यांमधून आले आहेत. आसामातील फुलबारी चहामळ्याच्या प्रकरणात (१९५९) कामगारावर मोटारीची चाके चोरल्याचा आरोप होता. साक्षीदारांचे जबाब त्याच्या माघारी घेतले गेले होते आणि त्यांच्या प्रती त्याला मिळाल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी ग्राह्य धरली नाही. पश्चिम बंगालमधील मीनग्लास चहामळ्याच्या प्रकरणात (१९६३) व्यवस्थापनाने एकही साक्षीदार कामगारांसमोर तपासला नव्हता. उलट कामगारांनाच प्रश्न विचारून त्यांच्या उत्तरांवर चौकशी उरकली होती. न्यायालयाने तेथे मांडलेला नियम असा: उत्तर देणाऱ्याला आरोप कळला पाहिजे आणि तो कोणत्या साक्षीवर टिकला आहे हेही कळले पाहिजे. ती साक्ष त्याच्या कानांवर पडली पाहिजे, तिच्यावर त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि नंतर तिचे खंडन करण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कामगाराला बोलते करायचे आणि मग साक्षीदार आणायचे, अशी चौकशी या निकालापुढे टिकणे कठीण असते.

त्याच सुमारास केसोराम कॉटन मिल्सच्या प्रकरणात आणखी एक व्यवहार्य प्रश्न सुटला. तिथे साक्षीदारांचे जबाब आधीच लिहून ठेवले होते. चौकशीत ते वाचून दाखवले आणि ‘विचारा काय विचारायचे ते’ असे कामगारांना सांगितले गेले. साक्ष शक्यतो कामगाराच्या समक्ष सुरुवातीपासून व्हावी, असे न्यायालय म्हणाले. आधी घेतलेले जबाबच वापरायचे असतील तर त्यांच्या प्रती चौकशी सुरू होण्याच्या किमान दोन दिवस आधी कामगाराला मिळाल्या पाहिजेत, अशी मर्यादाही त्याने घालून दिली. कानांनी एकदा ऐकलेल्या लांबलचक जबाबावर जागच्या जागी प्रश्न सुचणे शिकलेल्या माणसालाही जमत नाही. गिरणी कामगाराकडून ती अपेक्षा करणे म्हणजे हक्क कागदावर देऊन प्रत्यक्षात काढून घेणेच होय.

कोणते कागद मागता येतात, हे आरोपपत्रासोबतच्या यादीवरून ठरायला सुरुवात होते. यादीत नमूद केलेले आणि व्यवस्थापन ज्यांवर भिस्त ठेवणार आहे ते कागद द्यावेच लागतात. ते फार मोठे असतील, उदाहरणार्थ वर्षभराची हिशेबाची वह्या-पुस्तके, तर पाहून टिपणे काढू देणे चालते. यादीत नसलेले पण बचावाला उपयोगी असलेले कागदही मागता येतात. त्यासाठी तारीख, रजिस्टर आणि पान सांगून, तो कागद कोणत्या मुद्द्यावर लागतो हे एका वाक्यात लिहून अर्ज द्यावा लागतो. ‘सर्व संबंधित कागदपत्रे द्यावीत’ असा मोघम अर्ज सहज फेटाळला जातो. त्यातही सर्वांत मोलाचा पण बहुतेकदा यादीबाहेर ठेवलेला कागद म्हणजे साक्षीदाराने घटनेनंतर लगेच लिहिलेला पहिला अहवाल.

एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचे प्रकरण घेऊ. रात्रपाळीच्या कामगारावर आरोप आहे की त्याने पाच किलो तांब्याची तार दुचाकीच्या डिकीतून बाहेर नेण्याचा प्रयत्न केला. सुरक्षा रक्षक सरतपासात, म्हणजे व्यवस्थापनाने विचारलेल्या पहिल्या प्रश्नांच्या उत्तरात, सांगतो, ‘१० वाजून ४० मिनिटांनी मी त्याला गेटवर अडवले, डिकी उघडायला लावली, तार मिळाली.’ व्यवस्थापनाच्या यादीत फक्त जप्तीचा पंचनामा आहे. कामगाराच्या बचाव प्रतिनिधीने सुनावणीच्या तारखेच्या आठ दिवस आधी अर्ज देऊन रक्षकाचा त्या रात्रीचा अहवाल, गेट रजिस्टरचे त्या तारखेचे पान आणि सुरक्षा एजन्सीचा ड्युटी चार्ट मिळवला. अहवालात लिहिले आहे की ‘दुचाकी स्टँडजवळ पिशवी आढळली’. रजिस्टरमध्ये कामगार बाहेर पडल्याची वेळ ११ वाजून १० मिनिटे आहे.

आता उलटतपास कसा चालतो ते पाहा. प्रतिनिधी आधी रक्षकाला त्याच्याच कागदाशी बांधून घेतो. ‘हा अहवाल तुमच्या हस्ताक्षरात आहे?’ ‘होय.’ ‘घटनेनंतर लगेच लिहिला?’ ‘होय.’ ‘तेव्हा जे आठवत होते ते सगळे लिहिले?’ ‘होय.’ मग कागद पुढे करून विचारतो, ‘यात डिकी हा शब्द कुठे आहे?’ ‘नाही.’ ‘गेट रजिस्टर तुम्हीच भरता?’ ‘होय.’ ‘बाहेर पडल्याची वेळ वाचा.’ ‘११.१०.’ इथे थांबायचे असते. ‘मग असे का?’ हा प्रश्न नवखा प्रतिनिधी हमखास विचारतो आणि साक्षीदाराला सारवासारव करायला वाट करून देतो. तो खुलासा करण्यासाठी चौकशीत व्यवस्थापनाची बाजू मांडणाऱ्या सादरकर्त्याकडे फेरतपास, म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारण्याची संधी, आहेच. फेरतपासात नवी माहिती आली तर तेवढ्यापुरता पुन्हा उलटतपास मागता येतो. हेच तीन कागद उलटतपास संपल्यावर मिळाले असते तर त्यांचा उपयोग फार कमी झाला असता. अशा वेळी साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा लागतो.

हक्काची पायमल्ली उघडपणे क्वचितच होते. ‘उलटतपास देत नाही’ असे सहसा कुणी म्हणत नाही. त्याऐवजी टाइप केलेली साक्ष आधीच तयार असते आणि तिच्याखाली ‘प्रश्न विचारायचे नाहीत’ या ओळीवर कामगाराची सही घेतली जाते. चौकशी अधिकारी प्रश्न गैरलागू ठरवतो, पण तो प्रश्न कामकाजात लिहीत नाही. कामगाराला समजत नाही अशा इंग्रजीत नोंद होते. किंवा पोलिसांकडे दिलेली फिर्याद फाइलला जोडून आरोप सिद्ध धरला जातो आणि फिर्याद लिहिणारा चौकशीत येतच नाही. या शेवटच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने पंजाब नॅशनल बँकेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात (२००९) स्पष्ट म्हटले आहे की कागद नुसते हजर करून भागत नाही. त्यातला मजकूर साक्षीदाराने येऊन शाबीत करावा लागतो. बचावासाठी याचा अर्थ साधा आहे: ज्या कागदामागे उलटतपासाला उभा राहणारा माणूस नाही त्या कागदावर हरकत नोंदवायची. नाकारलेला प्रश्न आणि नाकारण्याचे कारण कामकाजात लिहून घ्यायचे. ते लिहिले गेले नाही तर त्याच दिवशी वेगळे पत्र देऊन पोच घ्यायची. पुढे न्यायालयात वादी-प्रतिवादींच्या आठवणींपेक्षा ही पोच जास्त बोलते.

उलटतपास करणारा कोण, यानेही हक्काचा कस ठरतो. बाहेरचा वकील मिळण्याचा सर्वसाधारण हक्क कामगाराला नाही. पण मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या प्रकरणात (१९८३) व्यवस्थापनाची बाजू कायद्याचे शिक्षण घेतलेले अधिकारी मांडत होते आणि कर्मचाऱ्याला वकील नाकारला होता. ही लढत असमान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्यामुळे सादरकर्ता विधिज्ञ असल्याचे दिसताच वकिलाची मागणी पहिल्याच बैठकीत लेखी करणे शहाणपणाचे ठरते.

या हक्काला मर्यादाही आहेत. बसमध्ये अकरा प्रवासी विनातिकीट सापडल्याच्या हरियाणातील एका वाहकाच्या प्रकरणात (१९७७) प्रवाशांना साक्षीला आणले नव्हते. तपासणी पथकाच्या निरीक्षकाची साक्ष पुरेशी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. एसटीच्या वाहकांच्या चौकशांत हा निकाल व्यवस्थापनाकडून वारंवार पुढे केला जातो. तिथे प्रवासी नाहीत म्हणून रडण्यापेक्षा निरीक्षकाचाच उलटतपास तिकीट मशीनची नोंद आणि रोकड मोजणीचा पंचनामा घेऊन करणे हा बचावाचा खरा मार्ग असतो. दुसरी मर्यादा नुकसानाच्या कसोटीची आहे. स्टेट बँक ऑफ पतियाळाच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात (१९९६) दोन जबाबांच्या प्रती दिल्या नव्हत्या, पण ते वाचून टिपणे काढण्याची मुभा दिली होती. त्यामुळे बचावाचे प्रत्यक्ष नुकसान झाले नाही, असे ठरले आणि चौकशी टिकली. म्हणून कागद मिळाला नाही एवढेच सांगून चालत नाही. तो असता तर कोणता प्रश्न विचारता आला असता, हेही दाखवावे लागते.

हक्क डावलला गेल्याचे सिद्ध झाले तरी कामगार लगेच कामावर परत जातो असे नाही. सातारा रोड येथील कूपर इंजिनिअरिंगच्या प्रकरणात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चौकशी न्याय्य होती का, हा मुद्दा कामगार न्यायालयाने आधी प्राथमिक मुद्दा म्हणून ठरवावा. चौकशी सदोष ठरली तर मालकाला तोच आरोप न्यायालयापुढे पुरावा देऊन सिद्ध करण्याची संधी मिळते. महाराष्ट्रात नैसर्गिक न्याय पायदळी तुडवून केलेली बडतर्फी ही १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्या बाबीखाली अनुचित प्रथाही ठरते. वरच्या उदाहरणातला रक्षक मग कामगार न्यायालयात साक्षीला उभा राहतो. त्याच्याविरुद्ध वापरण्यासाठी तोवर त्याचा पहिला अहवाल, गेट रजिस्टरचे पान आणि खातेअंतर्गत चौकशीत त्याने दिलेली उत्तरे, असे तिन्ही कागद कामगाराच्या वकिलाकडे आलेले असतात.