एकूण चढाई म्हणजे नेमकी कोणती? ट्रेकच्या वेळेच्या नियमाची पार्श्वभूमी

पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढाईच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. साताऱ्याकडे किल्ल्यांवर जाणाऱ्या बहुतेक गटांना हा हिशेब पाठ आहे. कोणी तो 'शंभर मीटरला दहा मिनिटं' असा सांगतं. नियमाबद्दल कोणाची तक्रार नाही. वाद होतो तो त्यातल्या 'चढाई' या आकड्यावरून. पायथा आणि माथा यांतला उंचीचा फरक धरायचा, की वाटेतले सगळे चढ मोजून त्यांची बेरीज करायची? आणि बेरीजच करायची, तर ती नकाशावरून की मोबाईलवरून?

याचं अर्धं उत्तर नियम जिथे जन्मला तिथेच आहे. १८९२ मध्ये एका स्कॉटिश गिर्यारोहकाने एका दिवसात तीन शिखरं केली आणि त्या फेरीची छोटीशी नोंद गिर्यारोहकांच्या नियतकालिकात दिली. अंतर दहा मैल, एकूण चढाई ६,३०० फूट, वेळ साडेसहा तास, तीही छोट्या विश्रांतींसह. नोंदीच्या शेवटी त्याने सूत्र दिलं: नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. त्याच्या दिवसावर हे लावून पाहिलं, तर अंतराचे तीन तास वीस मिनिटं आणि चढाईचे तीन तास नऊ मिनिटं होतात. बेरीज साडेसहा तासांना एक मिनिट कमी. आजही हा नियम त्याच माणसाच्या, म्हणजे नेस्मिथच्या, आडनावाने ओळखला जातो.

आता त्या तीन शिखरांकडे नीट पाहा. त्यांतलं सर्वांत उंच १,१७४ मीटर आहे, म्हणजे ३,८५२ फूट. आपला वासोटा जवळपास तेवढाच उंच आहे. एवढ्या डोंगरावर पायथा ते माथा ६,३०० फूट चढायला जागाच नाही. तो आकडा तीन शिखरं, मधल्या खिंडी आणि पुन्हा चढ अशी बेरीज करूनच येतो. त्यामुळे उंचीचा फरक धरणारी मंडळी हा नियम 'थोडा वेगळा' वापरत नाहीत, चुकीचा वापरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही ही चूक इतकी वर्षं खपते, कारण आपल्याकडचे बरेच किल्ले एकाच सोंडेने सलग चढायचे असतात. तिथे फरक आणि बेरीज सारखीच येते. चंदन-वंदनवर मात्र हिशेब उघडा पडतो. सोपे जावेत म्हणून गोल आकडे घेऊ. समजा पायथ्यापासून दोन किल्ल्यांमधली खिंड २५० मीटर वर आहे, खिंडीतून चंदन १५० मीटर आणि वंदन २०० मीटर. उंचीचा फरक पाहणारा २५० आणि २०० मिळून ४५० मीटर धरतो आणि चढाईला पाऊण तास लावतो. प्रत्यक्षात चंदन चढून परत खिंडीत उतरावं लागतं आणि मग वंदन चढावा लागतो. बेरीज ६०० मीटर, म्हणजे पूर्ण तास. पंधरा मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण असे दोन-चार उतार-चढ असलेल्या लांब डोंगरधारेवर हाच फरक तासाच्या घरात जातो आणि नेमका परतीच्या, थकलेल्या टप्प्यात अंगावर येतो.

उरलेला वाद मोबाईलने आणला. नियम नकाशावर बेतलेला आहे. आपल्याकडच्या १:५०,००० टोपोशीटवर समोच्चरेषा साधारणपणे वीस मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे दोन रेषांमधला छोटा चढ-उतार त्यांत दिसतच नाही. मोबाईलची अडचण उलटी आहे. उपग्रहावरून मिळणारी उंची काही मीटर वर-खाली हलत राहते आणि अ‍ॅप त्यातलं वर जाणं चढाईत मोजत जातं. झाडाखाली डबा उघडून बसलेल्या माणसाच्या नावावरही अशी चढाई जमा होऊ शकते. हा गोंधळ गाळायची प्रत्येक अ‍ॅपची रीत वेगळी, म्हणून एकाच वाटेवर एकत्र चाललेल्या दोघांच्या मोबाईलवर वेगवेगळे आकडे दिसतात. वेळ काढायला मी नकाशाचाच आकडा घेतो, कारण पहिल्या हिशेबातली चढाईही नकाशाच्या काळातलीच होती. अ‍ॅपचा आकडा धरायचाच असेल, तर दरवेळी तेच अ‍ॅप वापरून आपल्या गटाचा वेग त्यावर ठरवून घ्यावा. एकाचा आकडा आणि दुसऱ्याचा वेग जुळत नाही.

मैल-फुटांचे किलोमीटर-मीटर होताना फारसं बिघडलं नाही. तीन मैल म्हणजे ४.८ किलोमीटर, त्याचे पाच झाले. २,००० फूट म्हणजे ६१० मीटर, त्याचे सहाशे झाले. एका गोलाईने वेळ किंचित घटते, दुसरीने किंचित वाढते.

मूळ नियमाची खरी उणीव उताराची. तो उतार सपाटीसारखाच धरतो. पुढे ब्रिटनमधल्या प्रशिक्षकांनी दुरुस्ती सुचवली: सौम्य उतारावर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वजा, आणि साधारण बारा अंशांपेक्षा तीव्र उतारावर तेवढीच अधिक. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर वजाबाकीची वेळ क्वचितच येते. आल्प्सच्या जर्मन भाषक भागात आणखी सावध पद्धत आहे. तासाला चार किलोमीटर आणि ३०० मीटर चढाई धरून दोन वेळा वेगवेगळ्या काढायच्या, मोठी पूर्ण घ्यायची आणि लहान निम्मी मिळवायची. उताराला तासाला ५०० मीटर धरतात.

वासोट्यावर दोन्ही लावून पाहू. कोयनेचा शिवसागर भरलेला असताना पाण्याची पातळी ६५९ मीटर असते आणि किल्ला ११७१ मीटर, म्हणजे बोटीतून उतरल्यावर काठापासून चढाई सुमारे ५१० मीटर. एका बाजूचं अंतर चार किलोमीटर धरू. जुन्या नियमाने वर जायला अंतराची ४८ मिनिटं आणि चढाईची ५१, मिळून एक तास ३९ मिनिटं. आल्प्सच्या पद्धतीने चढाईचा एक तास ४२ मिनिटं आणि अंतराच्या तासाचा अर्धा, मिळून दोन तास १२ मिनिटं. दोन अंदाजांत अर्ध्या तासाहून जास्त फरक आहे. पहिला ठणठणीत, हलक्या पाठपिशवीच्या माणसाचा आहे. शाळकरी पोरं आणि पहिल्यांदाच आलेले काका-मावशी बरोबर असतील, तर दुसराच धरावा. उतरताना जुन्या नियमाने ४८ मिनिटं आणि तीव्र उताराची १७, म्हणजे एक तास पाच मिनिटं.

म्हणजे जुन्या नियमाने येणं-जाणं पावणेतीन तासांचं, आणि यात किल्ला पाहणं, बाबू कड्यापाशी थांबणं, जेवण काहीच धरलेलं नाही. मूळ नोंदीत छोट्या विश्रांती धरलेल्या होत्या, या लांबलेल्या थांब्यांचा त्यात विचार नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आणखी एक गोष्ट बदलते. पातळी पंधरा-वीस मीटर खाली गेली, तर चढाईची दीड-दोन मिनिटंच वाढतात, पण काठ मागे सरकल्याने बोट लांब लागते आणि चालण्याचं अंतर वाढतं. बामणोलीहून निघताना बोटवाल्याला उतरण्याची जागा आज कुठे आहे ते विचारून घ्यावं आणि परतीची वेळ त्यावरून ठरवावी.