मंदगती चित्रण

दृश्य जास्त वेगाने टिपून नेहमीच्या वेगाने दाखवण्याचे तंत्र. रूढ नाव स्लो मोशन. सेकंदाला २०० फ्रेम टिपून २५ च्या वेगाने दाखवल्यास एका सेकंदाची घटना आठ सेकंद चालते.

या तंत्राचे श्रेय साधारणपणे ऑस्ट्रियातील धर्मगुरू व भौतिकशास्त्रज्ञ आउगुस्ट मुस्गर यांना, त्यांच्या १९०४ च्या पेटंटच्या आधारे दिले जाते. त्यांची फिरत्या आरशांची रचना मुख्यतः पडद्यावरील चित्राची थरथर घालवण्यासाठी होती. तिला मंदगतीचे वापरण्याजोगे यंत्र बनवले ते हान्स लेहमान यांनी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याची मूठ भराभर फिरवूनही असा परिणाम साधता येतो. त्यामुळे मुस्गर यांना कल्पनेचे जनक न मानता यंत्राचे आद्य रचनाकार मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तंत्राची खरी अडचण उजेडाची आहे. हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटर सहसा फ्रेमच्या निम्मा वेळ उघडे ठेवतात. २५ फ्रेमला हा काळ १/५० सेकंद, तर २०० फ्रेमला १/४०० सेकंद येतो. म्हणजे उजेड आठपट हवा, किंवा कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता दाखवणारा आयएसओ ४०० वरून ३२०० वर न्यायला हवा. तसे केल्यास सावल्यांत दाणे दिसू लागतात.

ठाण्यातील दहीहंडी दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालते. भर दुपारी २०० फ्रेमला उजेड पुरतो. थर कोसळताना प्रत्येक गोविंदाचा हात सुटलेला स्पष्ट दिसतो. अंधार पडला की आणखी एक दोष उद्भवतो. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर थेट चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. २०० फ्रेमला एक फ्रेम उजळ व पुढची काळपट येऊ शकते आणि पडद्यावर हंडी लुकलुकते. आयएसओ वाढवून हा दोष जात नाही. अशा वेळी १०० फ्रेम व १/१०० सेकंद शटर घेणे योग्य. प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचे एक पूर्ण आवर्तन सामावते आणि उजेडही १/५० च्या तुलनेत निम्माच घटतो. गती चौपटच मंदावते व हातापायांच्या कडा थोड्या पसरट येतात, पण चित्र स्थिर राहते. कॅमेरा १२० फ्रेमवर ठेवल्यास हा मेळ बिघडतो.

जास्त फ्रेम टिपताना चित्राचे रेझोल्यूशनही बरेचदा घटते, ते सेन्सर वाचण्याच्या मर्यादेमुळे. फोर-के चित्र ५० फ्रेमला आणि १०८० ओळींचे चित्र २०० फ्रेमला टिपताना सेकंदाला सारखेच, सुमारे ४१.५ कोटी पिक्सेल हाताळावे लागतात. काही कॅमेरे त्यासाठी सेन्सरचा मधलाच भाग वाचतात; मग दृश्य आकुंचते आणि सर्वांत वरचा थर चौकटीबाहेर जातो. काही कॅमेरे मधूनमधून ओळी गाळतात. मग हंडीच्या तिरक्या दोराला पायऱ्या पडलेल्या दिसतात.